अपॉइंटमेंट बुकिंग अ‍ॅपचा प्रस्ताव: टप्पे कुठे तोडायचे आणि खर्च कसा मांडायचा

प्रश्न: मी एकटाच काम करणारा डेव्हलपर आहे. एका सलूनच्या मालकीणबाईंना ग्राहकांसाठी अपॉइंटमेंट बुकिंगचं अ‍ॅप हवंय. तीन स्टायलिस्ट, रिसेप्शनला एक मुलगी, सगळं वहीत चालतं. "टप्प्याटप्प्याने करू, किती खर्च येईल ते मेल करा," एवढंच म्हणाल्या. टप्पे कसे पाडू, रक्कम कशी लिहू आणि मेल किती मोठा असावा?

उत्तर:

पहिला टप्पा ग्राहकांसाठी करू नका. रिसेप्शनवरच्या वहीची जागा घेईल एवढाच करा. मालकीणबाईंनी मागितलंय ग्राहकांचं अ‍ॅप, त्यामुळे हे उलटं वाटेल, पण तुमचा सगळा प्रस्ताव याच एका निर्णयावर उभा राहणार आहे.

ग्राहकाला मोबाइलवर "शनिवारी पाचची वेळ मोकळी आहे" असं दाखवायचं, तर ती खरंच मोकळी आहे हे यंत्रणेला माहीत हवं. निम्म्या अपॉइंटमेंट फोनवरून वहीत आणि निम्म्या अ‍ॅपमधून यायला लागल्या की पहिल्याच गर्दीच्या दिवशी दोन बायका एकाच खुर्चीसमोर उभ्या राहतात. मग रिसेप्शनची मुलगी अ‍ॅपवर भरवसा ठेवायचं बंद करते आणि वही पुन्हा वर येते. अशा वेळी दोष कोडमध्ये नसतो, टप्प्यांच्या क्रमात असतो. म्हणून आधी सगळ्या अपॉइंटमेंट एका ठिकाणी यायला हव्यात, मग त्या ठिकाणाचं दार ग्राहकांना उघडायचं. ग्राहकांकडून आगाऊ पैसे घेणं त्यानंतर. प्ले स्टोअरवरचं वेगळं अ‍ॅप सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही.

दुसरी कसोटी अशी की प्रत्येक टप्पा संपल्यावर मालकीणबाईंना तिथेच थांबता आलं पाहिजे. "टप्पा १: डिझाइन, टप्पा २: बॅकएंड, टप्पा ३: फ्रंटएंड" ही वाटणी तुमच्या सोयीची आहे. पहिल्या टप्प्याचे पैसे भरून त्यांच्या हातात फक्त चित्रं येतात. दुसऱ्यानंतर तर दिसण्यासारखंही काही नसतं. छोट्या व्यवसायात पैसे मध्येच आटतात, एखादी स्टायलिस्ट सोडून जाते, जागा बदलावी लागते. टप्पा असा हवा की काम तिथे थांबलं तरी झालेलं रोज वापरात राहील.

आता आकड्यांकडे जाण्याआधी एक काम करा. त्यांच्याकडे वहीच्या गेल्या दोन आठवड्यांच्या पानांचे फोटो मागा, ग्राहकांचे फोन नंबर झाकून. बैठकीत माणूस आपला धंदा कसा चालायला हवा ते सांगतो, वहीत तो कसा चालतो ते दिसतं. खाडाखोड, बाण, समासात कोंबलेलं नाव, एका ओळीत दोन नावं, अशी प्रत्येक खूण म्हणजे एक आवश्यकता असते आणि तिला तास लागतात.

उदाहरणार्थ, असं धरा की त्या पानांवर चार ठिकाणी एकाच स्टायलिस्टकडे एकाच वेळेला दोन नावं सापडली. पाहिल्याबरोबर वाटतं की दुहेरी बुकिंग होतंय, ते रोखायला हवं. पण विचारल्यावर कळतं की चारांपैकी तीन जागी गडबड नव्हतीच. हेअर कलरला लावायला ३० मिनिटं, रंग बसायला ४० आणि धुऊन सेट करायला ३० लागतात. मधल्या ४० मिनिटांत स्टायलिस्ट मोकळी असते, तेवढ्यात ती एक हेअरकट उरकते. तुम्ही कलर म्हणजे सरसकट १०० मिनिटं असं धरून कॅलेंडर बांधलंत, तर दर कलरमागे एका हेअरकटची कमाई तुमच्या सॉफ्टवेअरने अडवली. मालकीणबाई अ‍ॅप वापरणार नाहीत, आणि का वापरत नाही हेही त्यांना नीट सांगता येणार नाही. एका सेवेचे तीन भाग आणि मधला भाग स्टायलिस्टसाठी मोकळा, ही रचना पहिल्या दिवसापासून डेटामध्ये लागते. नंतर घुसवायची म्हणजे कॅलेंडर पुन्हा लिहायचं. हा एक प्रश्न मेलच्या आधी विचारला गेला की नाही, यावर अंदाज खरा ठरणार की नाही हे बरंचसं ठरतं.

अंदाज मी तासांत करतो, पण मेलमध्ये तास लिहीत नाही. तास लिहिले की चर्चा "कॅलेंडरला तीस तास कशाला?" इकडे वळते. त्या प्रश्नाचं उत्तर समजायला त्यांनी तुमचा धंदा शिकायला हवा. मेलमध्ये वापरात येणारी गोष्ट आणि तिची रक्कम एवढंच असावं. तासांचा कागद आपल्यापाशी ठेवा.

वरच्या सलूनसाठी माझा कागद असा दिसेल: सेवा, त्यांचे भाग, स्टायलिस्टच्या कामाच्या वेळा आणि सुट्ट्या यांना १६ तास. दिवसाचं कॅलेंडर, तिन्ही स्टायलिस्ट शेजारी शेजारी, यांना ३०. अपॉइंटमेंट घेणं, हलवणं, रद्द करणं २२. ग्राहकांची यादी आणि फोन नंबरावरून शोध ८. जुनी यादी आत आणणं ८. लॉगिन आणि मालक-रिसेप्शन अशा दोन भूमिका ६. चाचणी, बसवून देणं आणि शिकवणं १४. बेरीज १०४. यावर १५ टक्के राखीव धरली की १२०. राखीव लपवायची गरज नाही, पण तिची वेगळी ओळही टाकू नका. वेगळी ओळ दिसली की घासाघीस तिथूनच सुरू होते.

दुसऱ्या टप्प्याचं नुसतं कामही योगायोगाने १०४ तासांचंच निघतं: ग्राहकांचं बुकिंगचं पान २८, मोकळ्या वेळा काढणारा हिशोब २४, फोन नंबर ओटीपीने तपासणं ८, रद्द करण्याची आणि वेळ बदलण्याची लिंक १२, आठवणीचे मेसेज १६, चाचणी १६. पण इथे मी एक आकडा देत नाही, ११० ते १५० असा पट्टा देतो, कारण नियम अजून ठरलेच नाहीत. नव्या ग्राहकाला कलर ऑनलाइन मिळेल का? किती तास आधीपर्यंत रद्द करता येईल? "कोणीही स्टायलिस्ट चालेल" हा पर्याय ठेवायचा का? याची उत्तरं पहिला टप्पा महिनाभर वापरल्याशिवाय मालकीणबाईंनाही माहीत नसतात. तिसऱ्या टप्प्याचा पट्टा रकमेच्या मानाने आणखी रुंद, ६० ते १००. पुढचं जितकं धूसर, तितका पट्टा रुंद असायला हवा. तिन्ही टप्प्यांना एकेक ठाम आकडा दिलेला प्रस्ताव दिसायला टापटीप असतो, पण शेवटचा आकडा मनचाच असतो आणि पुढे तोच तुमच्या गळ्यात पडतो.

खालच्या नमुन्यात पैशांच्या जागी एकक लिहिले आहेत. एक एकक म्हणजे तुमच्या एका तासाचा दर. पाठवताना गुणाकार करून थेट रक्कम लिहा.

---

विषय: बुकिंग यंत्रणेचा प्रस्ताव: पहिला टप्पा १२० एकक, सहा आठवडे

नमस्कार मॅडम,

आपलं बोलणं आणि तुम्ही पाठवलेली वहीची पानं यावरून हा प्रस्ताव लिहितो आहे. दोन आठवड्यांत नऊ अपॉइंटमेंट खोडून दुसरीकडे लिहिल्या आहेत आणि एकदा खरोखर दोन ग्राहक एकाच वेळेला आले. फोन आला की वही हातात असलेल्या माणसाशिवाय कोणालाच वेळ सांगता येत नाही, हेही तुम्ही म्हणाला होतात.

तुम्ही ग्राहकांसाठी अ‍ॅप म्हणाला होतात. ते या प्रस्तावात आहे, पण दुसऱ्या टप्प्यात. आधी सलूनमधल्या सगळ्या अपॉइंटमेंट एका ठिकाणी आल्या, तरच ग्राहकांना दिसणारी मोकळी वेळ खरी असेल.

पहिला टप्पा, वहीच्या जागी कॅलेंडर. रक्कम १२० एकक, पक्की. रिसेप्शनचा कॉम्प्युटर आणि तुमचा मोबाइल, दोन्हीवर तिन्ही स्टायलिस्टचा दिवस शेजारी शेजारी दिसेल. फोन चालू असतानाच अपॉइंटमेंट घेता, हलवता, रद्द करता येईल. कलर बसायच्या वेळात त्याच स्टायलिस्टकडे दुसरं काम देता येईल, पण खरी धडक होत असेल तर यंत्रणा अडवेल. एखादीची सुट्टी टाकली की तिच्या त्या दिवशीच्या अपॉइंटमेंट वेगळ्या दिसतील. रोज रात्री उद्याची यादी तुम्हाला मेलवर येईल, म्हणजे इंटरनेट बंद पडलं तरी दिवस अडणार नाही. तुमच्याकडच्या यादीतले जुने ग्राहक मी आत भरून देईन.

दुसरा टप्पा, ग्राहकांसाठी बुकिंग. अंदाज ११० ते १५० एकक. एक लिंक, जी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा कुठेही देऊ शकाल. ग्राहक सेवा आणि वेळ निवडतील, त्यांना खात्रीचा आणि आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जाईल, वेळ बदलायची असेल तर त्या स्वतः बदलू शकतील. पक्की रक्कम पहिला टप्पा महिनाभर वापरल्यावर सांगेन.

तिसरा टप्पा, आगाऊ रक्कम. अंदाज ६० ते १०० एकक. न कळवता न येणाऱ्या ग्राहकांचा त्रास दुसऱ्या टप्प्यानंतरही राहिला, तरच हा करू. आठवणीच्या मेसेजनेच भागलं तर याची गरज पडणार नाही.

प्रत्येक टप्प्यानंतर तुम्ही थांबू शकता. तोवर झालेलं काम चालूच राहील.

माझ्या रकमेत नसलेले, दुसऱ्यांना द्यायचे खर्च: डोमेन दरवर्षी, सर्व्हर आणि बॅकअप दरमहा, दुसऱ्या टप्प्यापासून मेसेजचे पैसे वापराप्रमाणे (महिन्याला सुमारे ५५० अपॉइंटमेंट धरल्या तर साधारण २,२०० मेसेजचं बिल), तिसऱ्या टप्प्यात पेमेंट कंपनीचं दर व्यवहारामागचं शुल्क. ही सगळी खाती तुमच्या नावावर असतील आणि पैसे थेट तुम्हीच भराल. सध्याचे दर सोबतच्या पानावर दिले आहेत.

पहिल्या टप्प्यात नाही: बिलिंग, मालाचा साठा, स्टायलिस्टचं कमिशन, प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरचं अ‍ॅप, दुसरी शाखा.

पैसे: सुरुवातीला ३६ एकक. तुमच्याच सेवा आणि स्टायलिस्ट भरलेलं कॅलेंडर दाखवल्यावर ४८. दोन आठवडे प्रत्यक्ष वापरल्यावर ३६.

वेळ: सुरुवातीपासून सहा आठवड्यांत वापरायला तयार. त्यासाठी पहिल्या आठवड्यात मला सेवांची यादी आणि प्रत्येकीला लागणारी मिनिटं हवीत. यादीला जितका उशीर होईल, तितकी तारीख पुढे जाईल.

नंतर: ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे चालत नसेल तर पहिले ६० दिवस मी ती विनामूल्य दुरुस्त करेन. ठरलेलंच बदलायचं असेल तर आधी रक्कम सांगेन, तुम्ही हो म्हणालात की करेन.

सध्या फक्त पहिल्या टप्प्याला होकार हवा आहे. या मेलला "सुरू करा" एवढं उत्तर पुरेसं आहे. लगेच सुरुवातीच्या हप्त्याचं बिल पाठवतो. रक्कम आणि तारखा ३० दिवस लागू राहतील.

आपला,
(नाव, फोन)

---

मेल एवढाच. मालक तो मोबाइलवर, दोन ग्राहकांच्या मधल्या वेळात वाचतो. रक्कम विषयाच्या ओळीत घातली आहे, कारण उघडल्यावर तो आधी तीच शोधणार. चौदा पानी पीडीएफच्या नवव्या पानावर ती ठेवलीत तर मधली आठ पानं न वाचताच ओलांडली जातात. जोडपत्र द्यायचंच तर एका पानाचं, त्यात दुसऱ्यांच्या खर्चाचे चालू दर.

या दुसऱ्यांच्या खर्चांवर थोडं थांबू, कारण भांडणं तिथूनच निघतात. मालकाच्या डोक्यात "अ‍ॅपचा खर्च" ही एकच रक्कम असते. सहा महिन्यांनी मेसेज कंपनीचं बिल आलं की त्यांना वाटतं, तुम्ही काहीतरी लपवलं होतं. त्यातही मेसेजचा हिशोब फसवा आहे. रोमन लिपीतल्या साध्या एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येक वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. "उद्या शनिवारी सायंकाळी ५ वाजता हेअर कलरची अपॉइंटमेंट आहे. बदलायची असल्यास ही लिंक उघडा:" एवढाच मजकूर ८७ अक्षरं होतो, पुढे लिंक वेगळी. सत्तरच्या पुढे गेलं की मेसेज ६७-६७ च्या तुकड्यांत मोडतो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. म्हणजे हा एक मेसेज बिलात दोन म्हणून येणार.

मेलमधला २,२०० चा आकडा तिथूनच आला. तीन स्टायलिस्ट, प्रत्येकीकडे दिवसाला सात, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ५४६ अपॉइंटमेंट. खात्रीचा एक आणि आठवणीचा एक असे दोन मेसेज, प्रत्येकाचे दोन तुकडे. ओटीपीचे मेसेज याहून वेगळे, म्हणून नंबर प्रत्येक बुकिंगला न तपासता ग्राहकाला एकदाच तपासायचा असं ठरवा. मेसेज छोटा करून एका तुकड्यात बसवला तर बिल निम्म्यावर येतं. हे तुम्ही आधीच दाखवलंत की मालकीणबाईंना कळतं, हा माणूस आपल्या खिशाचाही विचार करतोय.

स्टोअरवरच्या अ‍ॅपबद्दल त्या नक्की विचारतील, कारण त्यांच्या तोंडी शब्दच "अ‍ॅप" आहे. नाही म्हणून उडवून लावू नका, त्याला काय लागतं ते सांगा. अ‍ॅपलच्या डेव्हलपर खात्याला वर्षाला ९९ डॉलर पडतात, गूगल प्लेला एकदाच २५. पैसे हा त्यातला लहान भाग. संस्थेच्या नावाने खातं काढायचं तर दोन्हीकडे व्यवसायाची ओळख पटवणारा डी-यू-एन-एस क्रमांक मागतात. गूगल प्लेवर नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप खुलं करण्याआधी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते, म्हणजे वेळापत्रकात दोन आठवडे तिथेच गेले. त्यानंतर फोनच्या नव्या आवृत्त्यांबरोबर अ‍ॅप अद्ययावत ठेवणं दरवर्षी आलंच. दीड-दोन महिन्यांतून एकदा केस कापायला येणारी बाई त्यासाठी फोनमध्ये अ‍ॅप ठेवून घेईल का, हा प्रश्न त्यांनाच विचारा. मोबाइलवर उघडणारी लिंक तेच काम करते. मात्र "अ‍ॅपल तीस टक्के कापून घेतं" हे ऐकून त्या घाबरल्या असतील तर ती भीती काढून टाका. सलूनमध्ये प्रत्यक्ष मिळणाऱ्या सेवेला अ‍ॅपमधल्या खरेदीची ती पद्धत लागूच होत नाही, तिथे नेहमीचं पेमेंट गेटवे वापरायचं असतं.

"रोज रात्री यादी मेलवर" ही मेलमधली ओळ किरकोळ दिसते, पण ती मी मुद्दाम घातली आहे. इंटरनेट गेलं तर काय, हे प्रत्येक मालक विचारतो. खरी ऑफलाइन सोय म्हणजे इंटरनेट नसताना घेतलेल्या बुकिंगची नंतर जुळवाजुळव, आणि दोन उपकरणांवर एकाच वेळेला दोन नावं पडली तर कोणाचं खरं, याचे नियम. पहिल्या टप्प्याएवढं काम त्यातच जाऊ शकतं. उद्याची यादी आदल्या रात्री मेलवर असली तर दोन तास कागदावर निभावतं आणि तुमचे दोन-तीन तास जातात. मालकाची भीती खरी असते, पण तिला सुचेल तो पहिला तांत्रिक उपाय प्रस्तावात घालायची घाई नको.

दोन आठवड्यांच्या वापराचं काय करायचं, तेही ठरवून ठेवा, नाहीतर शेवटचा हप्ता लोंबकळत राहतो. पहिला आठवडा वही आणि कॅलेंडर दोन्ही चालू ठेवा, दुसरा फक्त कॅलेंडर. दुसऱ्या आठवड्यात वही परत उघडली गेली तर कशासाठी उघडली ते लिहून घ्यायला रिसेप्शनच्या मुलीला सांगा. तीच तुमची खरी चाचणी. कारण तुमच्या यादीत असेल तर दुरुस्ती तुमच्याकडे, नसेल तर ती पुढच्या टप्प्याची बाब. दुसऱ्या टप्प्याची कसोटी आणखी नेमकी ठेवता येते. दोन फोनवर एकच वेळ उघडा आणि एकदम बटण दाबा. एकीला वेळ मिळाली पाहिजे, दुसरीला लगेच "ही वेळ नुकतीच गेली" असं दिसून जवळच्या वेळा दिसल्या पाहिजेत. पडद्यावरच्या तपासणीवर विसंबलात तर इथे दोघींनाही वेळ मिळते. ही अट डेटाबेसमध्येच बसवावी लागते. मेलमध्ये डेटाबेसचं नाव काढू नका, पण दाखवायच्या दिवशी हे दोन फोनचं प्रात्यक्षिक जरूर करा.

तयार मिळणाऱ्या बुकिंग सेवांचा विषय त्यांनी काढला नाही तरी त्यांच्या डोक्यात तो असतो, किंवा उद्या कोणीतरी घालेल. महिन्याच्या भाड्यावर मिळणाऱ्या अशा सेवा आहेत आणि एका खुर्चीच्या, साध्या वेळांच्या व्यवसायाला मी त्याच सुचवतो. तुमच्या प्रकरणात आधी पडताळून पाहा: कलरमधला मोकळा वेळ ती सेवा धरते का, मेसेज मराठीत जातो का, स्टायलिस्टमागे भाडं वाढतं का, आणि ग्राहकांची यादी बाहेर काढता येते का. बऱ्याच सेवांमध्ये कलरसारखी मधली मोकळीक धरता येते, म्हणून "त्यांना जमणारच नाही" असं न तपासता लिहू नका. तीन वर्षांचं भाडं आणि तुमचे पहिले दोन टप्पे यांची बेरीज शेजारी मांडा. तयार सेवा सगळ्या कसोट्यांवर उतरली आणि स्वस्तही पडली, तर तसं सांगून फक्त ती बसवून देण्याची छोटी रक्कम लावा. असा ग्राहक पुढच्या कामाला परत येतो.

मेल गेल्यावर येणारी उत्तरं साधारण ठरलेली असतात. "सगळं एकदम केलं तर किती कमी होईल?" याला मी बेरीज देतो, सूट देत नाही. दुसऱ्या टप्प्याची आजची रक्कम आज पक्की करायची तर मला पट्ट्याचं वरचं टोक, म्हणजे १५० लावावं लागेल. महिनाभर वापरून ठरवली तर ती खाली येण्याची शक्यता आहे. थांबण्यात फायदा त्यांचाच आहे हे एवढ्यावरून समजतं.

"थोडं कमी करा" आलं तर दर कमी करू नका, काम कमी करा, आणि कुठलं ते तुम्हीच सुचवा. इथे जुनी यादी भरून देणं काढता येईल. ग्राहक जसजसे फोन करतील तसतसं रिसेप्शनची मुलगी नाव टाकत जाईल, पहिला महिना तिला थोडा जड जाईल. आठ तास अधिक राखीव मिळून नऊ एकक कमी होतात, रक्कम १११. कॅलेंडरमधला मोकळ्या वेळेचा भाग मात्र कापू देऊ नका. तो काढला की उरलेलं सगळं बिनकामाचं.

आणि "यात कमिशनचा हिशोब आहे ना?" असा प्रश्न आला तर चिडू नका. "पहिल्या टप्प्यात नाही" ही ओळ त्यासाठीच आहे. तिचा हवाला द्या आणि विचारा, आता कमिशन कसं काढता? उत्तर दोन वाक्यांत आलं तर तो पुढचा एक लहान टप्पा होईल. उत्तरात "पण कलरला वेगळं, आणि नवीन ग्राहक आणला तर वेगळं" सुरू झालं, तर आत्ता कुठलाही आकडा तोंडातून काढू नका. गेल्या महिन्याच्या कमिशनचा कागद मागून घ्या.

आठवडाभरात काहीच उत्तर आलं नाही तर "प्रस्ताव पाहिला का?" असं विचारू नका. सेवांची यादी आणि मिनिटं भरायचा एक कोरा तक्ता पाठवा, पहिल्या चार सेवा वहीवरून तुम्हीच भरून. तो तक्ता भरून परत आला की होकाराचा मेल बहुधा मागोमाग येतो. तक्ताही आला नाही, तर ३० दिवसांची मुदत संपेपर्यंत दुसरं काम हाती घ्या.